गिरणीला कुलूप लागलं, पगार राहिला: रांगेत कामगार कितव्या नंबरावर?

१ नोव्हेंबर २०२३. दिवाळी अकरा दिवसांवर, कपाशीची वेचणी सुरू झालेली. सकाळपाळीची माणसं सायकली घेऊन सात वाजता गिरणीवर आली, तर गेटला साखळी. आतला वॉचमन आमचा नव्हता, कुठल्या तरी एजन्सीचा होता. गेटवर एक कागद चिकटवलेला: आर्थिक अडचणींमुळे उत्पादन तात्पुरते बंद, कामगारांनी नोंद घ्यावी. खाली सही नाही, शिक्का नाही. जूनपासूनचा पगार बाकी होता. "अडत्याकडून पेमेंट आलं की एकदम देतो" असं दर महिन्याला ऐकत पाच महिने निघून गेले होते.

मी त्या गिरणीच्या टाइम ऑफिसात होतो. हजेरीपट माझ्या हातचा. त्यामुळे पुढची दीड-दोन वर्षं "आमचे पैसे बुडाले काय बाप्पा?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागला. हिंगणघाटच्या बाजारात, लग्नात, एस.टी.त, एकदा तर मयतीतसुद्धा. त्याचं उत्तर "हो" नाही आणि "नाही" पण नाही. मला ते समजायला वेळ लागला, कारण मीही इतरांसारखा सगळ्या थकबाकीकडे एकच रक्कम म्हणून पाहत होतो. कायदा तसं पाहत नाही. त्याच्या लेखी तुमच्या पैशांचे वेगवेगळे ढीग आहेत आणि प्रत्येक ढिगाची जागा वेगळी आहे. कोणत्या ढिगात किती आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

आधी मालक कोण ते बघा

गेटवर पाटी काय होती, हे पहिलं विचारा. विदर्भातल्या बहुतेक जिनिंग-प्रेसिंग आणि दालमिल भागीदारीत किंवा एकट्या मालकाच्या नावावर असतात. तिथे धंदा आणि मालक वेगळे नसतात. थकलेल्या पगाराला मालकाचं शेत, घर, नागपुरातला फ्लॅट हे सगळं जबाबदार असतं. तुमची मागणी थेट त्याच्यावर जाते.

सहकारी सूतगिरणी असेल तर गोष्ट तिसरीच. तिला कंपन्यांचा दिवाळखोरी कायदा लागत नाही. सहकार निबंधक अवसायक नेमतो आणि दावा त्या अवसायकाकडे करावा लागतो. विदर्भात सहकारी गिरण्या बऱ्याच आहेत, म्हणून हा फरक पक्का ध्यानात ठेवा. सहकारीवाल्यांनी कंपन्यांच्या न्यायाधिकरणाच्या चकरा मारू नयेत.

नावापुढे "प्रायव्हेट लिमिटेड" असेल तर कर्ज कंपनीचं, मालकाचं नाही. संचालकाच्या घरासमोर उपोषणाला बसलात तरी कायद्याने त्याच्या घराला सहसा हात लागत नाही. अशा कंपनीला नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ लागू होते. आमची गिरणी अशीच होती, त्यामुळे पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे. तुमच्या कंपनीचं काय हे mca.gov.in वर नाव टाकलं की दिसतं. सी.एस.सी. केंद्रातला पोरगा दोन मिनिटांत काढून देईल.

मधल्या काळात काय करायचं

गेट बंद होणं आणि कंपनी कायद्याने दिवाळखोरीत जाणं या दोन वेगळ्या तारखा आहेत. आमच्याकडे मध्ये साडेचार महिने गेले. कोणी तरी अर्ज केल्याशिवाय दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होत नाही. बहुधा बँकच अर्ज करते. कामगारांनाही करता येतो, संघटनेमार्फत एकत्रसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसा निकाल दिला आहे. पण थकबाकी किमान १ कोटी रुपये लागते. आमचा नव्वद जणांचा पाच महिन्यांचा पगार मिळूनही तेवढा होत नव्हता.

या मधल्या काळात लोक हातावर हात धरून बसले आणि तीच मोठी चूक झाली. मीही बसलो होतो. पाऊस गेलेला, तूर आणि कापूस शेतात. "बघू दिवाळीनंतर" म्हणालो. त्याच वेळी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात पगाराचा दावा लावायला हवा होता. तेव्हा जुन्या कायद्यात मुदत एक वर्षाची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि मुदत तीन वर्षांची झाली. धंदा बंद पडून माणूस बेरोजगार झाला तर त्याचा पगार दोन कामकाजी दिवसांत चुकता करावा, असंही तीत आहे. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे आणि ही बाब कामगाराच्या बाजूची आहे. निकाल लागला तर वसुली महसुली थकबाकीसारखी, कलेक्टरमार्फत होते.

पण एकदा दिवाळखोरीचा आदेश झाला की कंपनीविरुद्धची सगळी वसुली थांबते. याला स्थगितीचा काळ म्हणतात. कामगार कार्यालयातला दावा तिथेच गोठतो, तलाठ्याने काढलेली जप्तीसुद्धा थबकते. तरीही आधी मिळवलेला आदेश वाया जात नाही. पुढे दाव्याला जोडायला त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. म्हणून त्या चार-पाच महिन्यांत आदेश मिळाला नाही तरी अर्जाची पोच तरी हातात हवी. आमच्यापैकी सात जणांकडे ती होती. बाकीच्यांकडे माझी सही असलेल्या हजेरीपटाचे मोबाइलवर काढलेले फोटो.

एका सायडरचा हिशेब

आमच्या आळीतला एक सायडर, म्हणजे रिंगफ्रेमवर काम करणारा कामगार, आपण हिशेबासाठी घेऊ. आकडे मी गोल केले आहेत, नाव घेत नाही. नोकरी पूर्ण ११ वर्षं. पगार महिन्याला १४,००० रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,०००.

पहिला ढीग पगाराचा. जून ते ऑक्टोबर, पाच महिने, ७०,००० रुपये.

दुसरा ढीग बंदीच्या भरपाईचा. पन्नास किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर साठ दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागते आणि कामगाराला दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. गेटवरचा बिनसहीचा कागद ही नोटीस नव्हे. अर्ध्या महिन्याचे ७,००० धरले तर अकरा वर्षांचे ७७,००० होतात. मालक म्हणेल, परिस्थिती हाताबाहेर गेली म्हणून बंद केलं, भरपाई तीन महिन्यांपुरतीच लागते. तशी सवलत कायद्यात आहे, पण नुसती पैशाची अडचण हे तिचं कारण चालत नाही.

तिसरा ढीग ग्रॅच्युइटीचा. सूत्र ठरलेलं आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण वर्षं. १२,००० × १५ ÷ २६ × ११ म्हणजे ७६,१५४ रुपये.

चौथा पीएफचा. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पगारातून १,४४० कापले, पण पासबुकात एक रुपया चढला नाही. कापलेले आणि मालकाच्या वाट्याचे मिळून महिन्याचे २,८८०, चार महिन्यांचे ११,५२०. पुढच्या पाच महिन्यांत पगारच झाला नाही, म्हणून मालकाचा वाटा तेवढा धरू: ७,२००. एकूण १८,७२०. कामगाराचा त्या पाच महिन्यांतला वाटा ७०,००० मध्येच आहे, दोनदा मोजू नका. दावा तपासणारा पहिल्यांदा हेच बघतो.

सगळे मिळून २,४१,८७४ रुपये. आता हे ढीग कुठे कुठे जातात ते बघू.

१५ मार्च २०२४ ला मुंबईच्या एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणाने, बँकेचा अर्ज दाखल करून घेतला. कंपनी संचालकांच्या हातून गेली आणि एका व्यावसायिकाकडे आली. त्याला सगळे आरपी म्हणतात. त्याने नेमणुकीपासून तीन दिवसांत एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या पेपरात जाहिरात द्यायची असते. दावा करायला चौदा दिवस. आमच्या गावात तो पेपर दोन ठिकाणी येतो: न्हाव्याच्या दुकानात आणि ग्रामपंचायतीत. न्हाव्याच्या दुकानात लोक क्रिकेटचं पान वाचतात. जाहिरात आम्हाला कळली ती महिन्याने, आणि तीही बँकेत चौकशीला गेलेल्या एका जॉबरला, म्हणजे मुकादमाला. अशा जाहिराती ibbi.gov.in वर पण लागतात. गेट बंद झाल्यावर तिथे दर आठवड्याला कंपनीचं नाव टाकून बघत राहणं हा खात्रीचा उपाय आहे. चौदा दिवस उलटले म्हणून दार बंद होत नाही. आदेशापासून नव्वद दिवस, किंवा नवीन मालकाकडून योजना मागवण्याची तारीख, यातली जी उशिरा असेल तोवर दावा देता येतो. आमचे नव्वद दिवस १३ जूनला संपणार होते. आम्ही मेमध्ये दावे दिले.

कामगाराच्या दाव्याचा फॉर्म म्हणजे फॉर्म डी. सगळ्यांच्या वतीने एकाने द्यायचा असेल तर फॉर्म ई, त्याला प्रत्येकाची यादी जोडायची. पोस्टाने, हातोहात किंवा ईमेलने देता येतो. वकील लागत नाही, फी नाही. फॉर्ममध्ये रक्कम एकच लिहायची असते, पण आम्ही मागे एक पान जोडून चारही ढीग वेगळे दाखवले. ते फार कामाला आलं, कारण सगळे पैसे एकाच वाटेने जात नाहीत.

रांग

आरपीने खरेदीदार शोधला, मिळाला नाही. २० जानेवारी २०२५ ला न्यायाधिकरणाने गिरणी मोडीत काढायचा, म्हणजे लिक्विडेशनचा, आदेश दिला. जागा, यंत्रं, शिल्लक कापूस आणि सूत विकून आलेला पैसा संहितेच्या कलम ५३ मध्ये लिहिलेल्या क्रमाने वाटला जातो.

सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च: आरपी, लिक्विडेटर, चौकीदार, वीज, विमा. हा पूर्ण दिला जातो. त्यानंतर एकाच पायरीवर, बरोबरीने, दोघे उभे असतात. एक म्हणजे लिक्विडेशनच्या आदेशाआधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी, आणि दुसरी म्हणजे जिच्याकडे गिरणी गहाण आहे ती बँक, जर तिने आपला हक्क सामाईक ढिगात सोडला असेल तर. त्याच्या खाली कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग बिनतारणाची कर्जं, मग सरकारी कर, मग उरलेले सगळे, अगदी तळाला शेअरवाले.

कामगार बँकेच्या बरोबरीला आहे ही मोठी गोष्ट आहे. पण बरोबरी म्हणजे पूर्ण मिळणं नव्हे. हिशेबासाठी धरू की गिरणी १२ कोटींना गेली. खर्च दीड कोटी. राहिले साडेदहा. बँकेचं येणं ३४ कोटी, नव्वद कामगारांची २४ महिन्यांतली देणी १ कोटी. मिळून ३५. साडेदहा भागिले पस्तीस म्हणजे रुपयाला तीस पैसे. बँकेलाही तीस, सायडरलाही तीस. त्याचे पगार आणि भरपाईचे १,४७,००० मान्य झाले तर हातात ४४,१०० पडतात. बँक म्हणाली की मी माझी गहाण मालमत्ता स्वतःच विकते, लिक्विडेटरच्या ढिगात येत नाही, तरी तिला कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्यातला वाटा बाहेर काढून द्यावाच लागतो. तेव्हा "बँकेने सील ठोकलं, आता काही नाही" ही अफवा आहे.

पगाराच्या लोभापायी एक गोष्ट लोकांनी मला दहादा विचारली: गेट बंद झाल्यापासून आजवरचा पगारही धरायचा ना? काम न करता, नुसतं नावावर असल्याबद्दल, तो वरच्या खर्चाच्या पायरीत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. आरपी कंपनी चालू ठेवत असेल आणि त्या काळात तुम्ही खरोखर काम केलं असेल तरच तो पगार खर्चात धरून पूर्ण मिळतो. आमच्याकडे दोन इलेक्ट्रिशियन आणि एक बॉयलरवाला आरपीने सांभाळायला ठेवले होते. त्यांना पूर्ण मिळाले. बाकीच्यांनी बंदीनंतरचा पगार मागायचाच तर वेगळा लिहावा. तो वादाचा आहे आणि त्याच्या नादात पक्के पाच महिने अडकू देऊ नयेत.

तारखेचा खेळ

२४ महिने गेट बंद झाल्यापासून मोजत नाहीत. लिक्विडेशनच्या आदेशापासून मागे मोजतात. माझ्या मते सगळ्या कायद्यातली ही सगळ्यात निर्दय ओळ आहे.

आमचा आदेश २० जानेवारी २०२५ चा. मागे २४ महिने म्हणजे २० जानेवारी २०२३. सायडरचा जून ते ऑक्टोबर २०२३ चा पगार त्या खिडकीत बसला. आता हाच आदेश एक वर्षाने, २० जानेवारी २०२६ ला आला असता तर खिडकी २० जानेवारी २०२४ पासून सुरू झाली असती. गिरणी त्याआधीच बंद झालेली. म्हणजे त्याचा पगार आणि भरपाई, सगळे १,४७,००० खिडकीबाहेर पडले असते. मग ते सरकारी करांच्याही खालच्या पायरीवर, "उरलेली देणी" या नावाखाली गेले असते, आणि तिथपर्यंत सहसा काहीच उतरत नाही. कामगाराने चूक केली नाही, बँकेने वर्षभर उशिरा अर्ज केला किंवा न्यायाधिकरणात तारखा पडल्या, एवढ्यावर चव्वेचाळीस हजारांचा शून्य होतो.

संहितेत दिवाळखोरीच्या प्रक्रियेला १८० दिवस दिले आहेत, वाढवून ३३० पर्यंत. प्रत्यक्षात ती त्याहून लांबते. त्यामुळे तुमची गिरणी बंद पडून वर्ष झालं असेल आणि अजून काहीच अर्ज नसेल तर कॅलेंडर समोर घ्या. पहिला थकलेला महिना कोणता, आणि त्यापासून पुढे दोन वर्षं कधी पूर्ण होतात, ते लिहून ठेवा. त्या तारखेच्या आत कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली तर सगळा पगार रांगेत वर आहे, नाही तर एकेक महिना खिडकीबाहेर पडत जातो. ही तारीख संघटनेच्या पुढाऱ्याला आणि वकिलाला दाखवा. आमच्या पुढाऱ्याला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "असं पण असते काय?" असतंय.

रांगेबाहेरचे पैसे

म्हणूनच मी शेवटी सगळ्यांना सांगायला लागलो की पीएफ आणि ग्रॅच्युइटीकडे पगाराइतकंच लक्ष द्या. त्यांच्यावर या तारखेचा परिणाम होत नाही. कलम ३६ म्हणतं की कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीतलं, पेन्शन निधीतलं आणि ग्रॅच्युइटी निधीतलं येणं हे लिक्विडेशनच्या ढिगातच येत नाही. हे पैसे रांगेत नाहीत, रांगेबाहेर आहेत, आणि ते पूर्ण मिळाले पाहिजेत.

पीएफच्या बाबतीत हे बरंच सरळ आहे. पासबुक उघडा आणि महिने मोजा. आमच्या सायडरच्या पासबुकात जानेवारी २०२३ नंतर ओळच नव्हती. कापलेला पीएफ न भरणं हा मालकाचा गुन्हा आहे आणि वसुलीचे अधिकार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला आहेत. वर्धा, नागपूरकडच्यांनी नागपूरला, वऱ्हाडातल्यांनी अकोल्याला तक्रार द्यावी, पगाराच्या स्लिपच्या झेरॉक्ससह. ते कार्यालय मग स्वतः आरपीकडे दावा लावतं. आपण तक्रार दिली नाही तर ते त्यांच्या नोंदीवरच अवलंबून राहतं, आणि मालकाने रिटर्नच भरला नसेल तर नोंद कुठून असणार?

एक खड्डा मात्र आहे. आधारवर "रामभाऊ" आणि पीएफवर "रामराव" असेल तर पैसे अडकतात, आणि दुरुस्तीला बऱ्याचदा मालकाची सही लागते. मालक पुण्याला पळालेला. कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या मान्य व्यक्तीच्या साक्षांकनावर दुरुस्तीचा अर्ज देता येतो. आमच्यातल्या आठ-दहा जणांनी तसा केला.

ग्रॅच्युइटीचं इतकं सरळ नाही. कंपनीने त्यासाठी वेगळा निधी ठेवला असेल, म्हणजे उदाहरणार्थ एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी काढली असेल, तर वाद नाही. तो निधी कामगारांचाच. पण लहान गिरण्यांत निधीच नसतो, फक्त हिशेबात एक ओळ असते. मग लिक्विडेटर म्हणतो की निधी नाही तर मी कुठून देऊ? अपील न्यायाधिकरणाने २०२० मध्ये एका प्रकरणात लिक्विडेटरची ही बाजू मानली. पुढे एका विमान कंपनीच्या प्रकरणात, जिथे नवीन खरेदीदार पुढे आला होता, त्याच न्यायाधिकरणाने पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला लावली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. सायडरला निधी असेल तर ७६,१५४ पूर्ण, नसेल आणि ती कामगारांच्या देण्यात धरली तर तीस पैशांच्या दराने साधारण २२,८००. म्हणून आरपीला पहिल्याच पत्रात विचारा: ग्रॅच्युइटीचा निधी आहे का, कुठे, पॉलिसी नंबर काय? लेखी विचारा, म्हणजे लेखी उत्तर येतं.

कागद आणि पद

पुराव्याला फार मोठं काही लागत नाही. बँक पासबुकात दर महिन्याला गिरणीच्या नावाने जमा झालेल्या पगाराच्या ओळी, ईएसआयचं कार्ड, गेटपास, स्लिप. आमचं टाइम ऑफिस आत कुलूपबंद होतं आणि मूळ हजेरीपट आरपीच्या ताब्यात गेले. म्हणून त्याच्या रेकॉर्डशी आमच्या फोटोंचा मेळ घालायला मी नागपूरला दोन वेळा गेलो. लिक्विडेटरला कंपनीच्या हिशेबातून कामगाराचा दावा स्वतःहून मान्य करता येतो, पण तो करू शकतो एवढंच. त्याच्या भरवशावर राहू नका. लिक्विडेशन सुरू झालं की दाव्याची जाहिरात पुन्हा येते आणि तीस दिवस मिळतात. आधी दिलेला दावा सहसा पुढे धरला जातो, तरी नव्याने दिलेला बरा. फॉर्मचं अक्षर तेव्हा बदलतं, एवढं लक्षात असू द्या. दावा नाकारला तर चौदा दिवसांत न्यायाधिकरणात अपील. दिवस नाकारल्याचं पत्र मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पाकीट जपून ठेवा.

पदाचं नावही तपासा. आमच्याकडे चार जणांना मालकाने कागदावर "सुपरवायझर" केलं होतं, पगार वाढवला नव्हता, बिल्ला दिला होता. ते दिवसभर डॉफरबरोबर बॉबिन काढत. कामगार मानले तर ते बँकेच्या बरोबरीला, सुपरवायझर मानले तर खालच्या पायरीवर, बारा महिन्यांपुरते. कायदा बिल्ला बघत नाही, हातातलं काम बघतो, पण ते दाखवावं लागतं. त्यांच्यासाठी आम्ही जॉबरचं लेखी निवेदन आणि पाळीच्या वह्यांचे फोटो जोडले. तिघांचं मान्य झालं. चौथ्याचं नाही, कारण त्याने कधी काळी रजेच्या अर्जांवर "मंजूर" लिहून सही केली होती.

ठेकेदाराकडच्या हमालांचं, पॅकिंगवाल्या बायांचं काय? त्यांचा पगार द्यायची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने नाही दिला तर गिरणीवर येते, पण आरपी विचारतो की कंपनीच्या रेकॉर्डवर तुमचं नाव कुठे आहे. तिथे त्यांनी आधी ठेकेदारावर कामगार कार्यालयात दावा लावावा आणि त्याची प्रत घेऊन आरपीकडे जावं. आमच्या पॅकिंगच्या बायांपैकी एकीलाही अजून काही मिळालेलं नाही. ठेकेदार जवळच्याच दुसऱ्या गिरणीत माणसं पुरवतो आहे, नवीन नावाने.

सायडरचं सांगतो. त्याच्या गिरणीने ग्रॅच्युइटीची पॉलिसी काढली होती, हे आरपीच्या उत्तरातून कळलं. मालकाने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटचे तीन हप्ते थकले होते म्हणून पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त तिथून आली. पीएफ चढला. तीस पैसेवाला चेक यायचा आहे. शेडचा लिलाव एकदा फसला, दुसऱ्यांदा लावला आहे. तोवर तो जिनिंगमध्ये गठाण बांधतो, हंगामापुरता. तिथे त्याने पहिल्याच दिवशी पाटीचा फोटो काढून घेतला.